दाखवला एक, पाठवला दुसरा

ते पत्र दुकानाच्या नावाने आलं होतं, पण त्यातला निम्मा राग माझ्यावर होता. रजिस्टर पोस्टाने आलं, पोचपावतीसह. शेठनी सही करून घेतलं, उभ्याउभ्याच फोडलं, वाचलं आणि माझ्या टेबलावर टाकलं. मी एका ट्रान्झिस्टरची तुटलेली तार जोडत बसलो होतो.

"मिस्तरी, तुमच्या तापीकाठच्या काकींचं आहे," ते म्हणाले. "वाचा, काय काय बोलून आलात तिथे."

पत्र रेघी कागदावर होतं, अक्षर गोल आणि स्वच्छ. त्यातला मजकूर मला अजून जवळजवळ पाठ आहे, कारण पुढच्या महिनाभरात मी तो कितीतरी वेळा वाचला.

"महोदय, आम्ही आपल्या दुकानातून वीस इंची काळा-पांढरा टीव्ही विकत घेतला आहे. घेण्याआधी आपल्या मेकॅनिकने आमच्या घरी येऊन एक टीव्ही दोन दिवस लावून दाखवला. त्याचे मॉडेल २०१-ई होते. ते आपल्या डेमो चलनावर त्यांच्याच हाताने लिहिलेले आहे व चलन आमच्याकडे आहे. आमच्या गावात संध्याकाळी विजेचा दाब कमी असतो, हे आम्ही त्यांना आधीच सांगितले होते. त्यांनी मीटर लावून दाखवले व हा टीव्ही स्टॅबिलायझरशिवाय चालेल असे सांगितले. त्यांच्या त्या शब्दावर आम्ही पैसे भरले.

"पाठवलेला टीव्ही दिसायला तसाच आहे, पण तो नव्हे. त्याच्या मागच्या पट्टीवर व गॅरंटी कार्डावर नुसते २०१ असे आहे. दाखवलेल्या टीव्हीच्या पट्टीवर १४० ते २६० व्होल्ट लिहिलेले होते, याच्यावर २०० ते २४० आहे. संध्याकाळी चित्र चारी बाजूंनी आक्रसते व वर सरकत राहते. आपल्या बिलावर मॉडेल लिहिलेलेच नाही. ते का लिहिले नाही, हे आता आम्हाला कळले.

"आम्हाला दुरुस्ती नको, स्टॅबिलायझर नको. जो टीव्ही दाखवला त्याच मॉडेलचा नवा, सीलबंद टीव्ही पंधरा दिवसांत घरपोच द्यावा व हा घेऊन जावा. या पत्राची प्रत कंपनीच्या विभागीय कार्यालयाला पाठवली आहे.

"आपल्या मेकॅनिकने आम्हाला जाणूनबुजून फसवले, की त्यांनाही माहीत नव्हते, हे त्यांनी स्वतः येऊन सांगावे."

खाली काकींची सही होती. एकेक अक्षर दाबून काढलेलं, कागदाच्या मागच्या बाजूला उमटलेलं. पत्र लिहिलं होतं त्यांच्या सुनेने, ते अक्षरावरून कळत होतं. शहाद्याच्या कॉलेजात ती दोन वर्षं शिकली होती.

मी वर पाहिलं. "शेठ, त्यांना २०१-ई द्यायचा होता. मी ऑर्डरच्या चिठ्ठीवर तसं लिहिलं होतं."

"टीव्ही तोच आहे," शेठ म्हणाले. "कंपनी, काच, डबा, सगळं तेच. एका अक्षराने काय होतं?"

काय होतं ते त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

मी या दुकानात आलो तेव्हा टीव्ही हा शब्द नंदुरबारात कोणी उच्चारत नव्हतं. साठच्या दशकातली गोष्ट. माझे अब्बा घड्याळं दुरुस्त करायचे, आणि घड्याळाच्या बारीक कामाने डोळे जातात म्हणून त्यांनी मला रेडिओच्या कामाला लावलं. घरी आम्ही उर्दूकडे झुकलेली हिंदी बोलायचो, गल्लीत अहिराणी, आणि लिहिणं-वाचणं मराठीत, कारण शाळा मराठी होती. दुकान तेव्हा थोरल्या शेठचं होतं. रेडिओ विकायची त्यांची एकच रीत होती. गिऱ्हाइकाच्या घरी रेडिओ आठ दिवस ठेवायचा, मी जाऊन छपरावर तार बांधायची, आणि आठ दिवसांनी पसंत असेल तर तोच रेडिओ तिथेच राहायचा. दाखवलेला परत आणायचा आणि दुसरा पाठवायचा, हा प्रकारच नव्हता.

थोरले शेठ गेले आणि त्यांचा मुलगा गल्ल्यावर बसला. माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान. मला 'तुम्ही' म्हणायचा आणि मी त्याला शेठ. रेडिओ मागे पडून टीव्ही आले तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं सरत आलं होतं. प्रक्षेपण केंद्र लांब असल्याने वीस-पंचवीस फुटी पाइप उभा करावा लागे, त्यावर अँटेना, खाली बूस्टर. तरी लोक अक्कलकुव्यापासून, नवापूरपासून यायचे. टीव्हीची डेमो द्यायचं काम माझंच होतं. दुकानात एक डेमोचा टीव्ही वेगळा ठेवलेला असे. तो न्यायचा, दोन दिवस लावायचा, परत आणायचा. नेताना चलन फाडायचं. पांढरी प्रत गिऱ्हाइकाला, कार्बनची पिवळी प्रत आमच्या वहीत. त्यावर मॉडेल, नंबर आणि दोघांच्या सह्या. टीव्ही हरवू नये म्हणून ती पद्धत होती. गिऱ्हाइकाला तिचा उपयोग होईल असं दुकानात कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

काकींचं गाव तापीच्या काठावर. गुजर शेतकऱ्यांची वस्ती, केळी, कापूस आणि ऊस. काकींच्या नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा शेती बघायचा, पण घरातला शब्द काकींचा. घरात त्या आपल्या गुजरीत बोलायच्या, माझ्याशी अहिराणीत. मी डेमोला गेलो त्या दिवशी टीव्ही त्यांनी नंतर पाहिला. आधी मला बसवलं आणि विचारलं, "भाऊ, आमना गावमा सांजले सगळ्या मोटरी चालू व्हतीस. लाइट ढिली पडस. तवय बी चाली का हाई?"

मी म्हटलं, चालेल.

"आसं नको सांगू. दखाड माले."

म्हणून आम्ही संध्याकाळची वाट पाहिली. विहिरींवरच्या मोटरी सुरू झाल्या, घरातला बल्ब लालसर पडला. मी मीटर काढून प्लगच्या भोकात घातला. काटा दीडशेच्या आसपास आला. टीव्ही लावला. चित्र काठोकाठ भरलेलं, हलत नव्हतं, बोलत होतं. सून खाली बसून पाहत होती. मी टीव्ही फिरवून मागची पट्टी दाखवली, १४० ते २६०. तिने एका वहीच्या मागच्या पानावर ते आकडे उतरवून घेतले. मला गंमत वाटली होती तेव्हा. दोन दिवसांनी मी टीव्ही सोडवून आणला, अँटेना मात्र तिथेच ठेवली, कारण काकींनी नवा टीव्ही नक्की केला होता.

डिलिव्हरी झाली त्या दिवशी मी अक्कलकुव्याला अँटेना उभारत होतो. दुकानातला माणूस टेम्पोतून खोकं घेऊन गेला, प्लग लावला, सही घेतली आणि परतला. दुपारची वेळ होती, मोटरी बंद, वीज पुरेशी. चित्र छान आलं असणार.

हे सगळं माझ्या डोक्यात होतं आणि शेठ समोर उभे राहून मला सांगत होते, "तुम्ही उद्या जा. टीव्ही तपासा आणि जॉबकार्डावर लिहा, टीव्हीत दोष नाही, व्होल्टेज कमी. खाली काकींची सही घ्या. फार बोलल्या तर म्हणावं, स्टॅबिलायझर फुकट देतो. म्हणजे कंपनीला कळवता येईल, तक्रार मिटली."

"आणि मॉडेल?"

"मॉडेलचं लिहू नका."

मी काही बोललो नाही. आज त्याचाच मला राग येतो. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं की मी जाणार नाही. पण महिन्याला पगार मिळत होता, घरी पाच माणसं होती, आणि खरं सांगायचं तर मला त्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याची घाई झाली होती. मी फसवलं नाही, हे मला काकींना सांगायचं होतं. बाकी सगळं नंतर.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.ने गेलो. अंगणात काकी केळीची पानं कापत होत्या. मला पाहून हातातला कोयता त्यांनी खाली ठेवला नाही. सुनेने पाण्याचा तांब्या आणून ओसरीवर ठेवला, पण 'बसा' कोणी म्हटलं नाही. टीव्ही आतल्या खोलीत त्याच्याच खोक्यावर ठेवलेला होता. प्लग काढलेला, वर चादर.

"काकी," मी म्हटलं, "मला ठाऊक नव्हतं."

"तुले ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, आणि तेच मला लागलं. "दुकान कोनं शे माले ठाऊक नही. मी शेठनं तोंड बी दखेल नही. मी तुन्हा तोंडकडे दखीसन पैसा दिधा."

मी टीव्ही चालू करायची परवानगी मागितली. सूनबाईंनी चादर काढली. मी मागचं झाकण उघडलं. उघडायची गरज नव्हती, पट्टी बाहेरच होती. पण मला आतलं बघायचं होतं. आत जुन्या पद्धतीचा जड ट्रान्सफॉर्मर. २०१-ई मध्ये तो नसायचाच, तिथे वेगळं सर्किट असायचं आणि कमी दाबावरही ते टीव्हीला पुरेशी वीज द्यायचं. पुढे जाळी दोन स्पीकरची आणि मागे स्पीकर एकच. दुसऱ्या जाळीमागे रिकामी जागा. एवढी वर्षं मी लोकांच्या घरी जाऊन यंत्रांची पाठ उघडत आलो, पण असं लाजल्यासारखं मला कधी झालं नव्हतं.

पाच वाजले, सहा वाजले, मोटरी सुरू झाल्या. मीटर एकशे पंचावन्नवर आला. मी टीव्ही लावला. चित्राच्या चारी बाजूंना काळी पट्टी, मधे बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा आखडून बारीक झालेला, आणि तोही हळूहळू वर सरकून पुन्हा खालून येत होता. काकींचा मुलगा शेतातून आला, दाराशी टेकून त्याने तो चेहरा दोनदा वर जाताना पाहिला आणि हातपाय धुवायला गेला.

मी जॉबकार्ड काढलं. पेन हातात घेऊन तसाच बसलो.

सूनबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. "मिस्तरीभाऊ, मी एकच विचारते. तुम्ही दाखवलेलं मॉडेल आणि हे मॉडेल एकच आहे का?"

"वहिनी, कंपनी एकच आहे. पण..."

"हो की नाही?"

"नाही."

"मग तेवढं लिहून द्या."

शेठनी सांगितलेलं वाक्य माझ्या डोक्यात तयार होतं. टीव्हीत दोष नाही, व्होल्टेज कमी. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, तीच त्यातली हुशारी. तो टीव्ही बिघडलेला नव्हताच, फक्त त्या घरासाठी तो नव्हता. मला एकदम शेठचा संताप आला. त्यांनी मला खोटं लिहायला सांगितलं नव्हतं. खरं अशा रीतीने लिहायला सांगितलं होतं की या बाईंनी पुन्हा तोंड उघडू नये.

मी लिहिलं: डेमोला दाखवलेलं मॉडेल २०१-ई. दिलेलं मॉडेल २०१. दोन्ही वेगळी. संध्याकाळी सहा वाजता व्होल्टेज १५५, चित्र आक्रसतं व सरकतं. दिलेलं मॉडेल या दाबावर चालणारं नाही. बदलून द्यावं. खाली सही केली. एक प्रत सूनबाईंना दिली. त्यांनी ती वाचली, काकींना गुजरीत वाचून दाखवली, आणि घडी घालून चलनाच्या जोडीला ठेवली.

काकी म्हणाल्या, "आते बठ. च्या ली."

मी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जॉबकार्ड शेठसमोर ठेवलं. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग वर पाहून पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाले.

"तुला पगार कोण देतं?"

"तुम्ही."

"मग हे कोणासाठी लिहिलंस?"

"शेठ, चलनावर माझी सही आहे. डेमो मी दिली. माझा शब्द होता तो."

"तुझा शब्द," ते म्हणाले. "आणि माल माझा आहे ना? दहा नव्या मॉडेलचे हवे असतील तर चार जुन्या मॉडेलचे घ्या म्हणते कंपनी. ते चार मी कुठे ठेवू? डोक्यावर? सगळे डीलर हेच करतात. शहरात व्होल्टेज असतं, तिथे कोणाला फरक कळत नाही."

"मग शहरात विका. कमी भावात विका, सांगून विका. पण त्यांनी आधी विचारलं होतं. नेमकं हेच विचारलं होतं."

शेठनी ड्रॉवरमधून डेमोची वही काढली, पान शोधलं, आणि माझ्यादेखत पिवळी प्रत फाडली. चार तुकडे केले, खालच्या टोपलीत टाकले. मग त्यांना एकदम आठवलं असावं की पांढरी प्रत तिकडे आहे, कारण त्यांचा चेहरा कसनुसा झाला आणि ते उगीच पंख्याकडे पाहत राहिले.

मी माझ्या टेबलाशी जाऊन बसलो. तो ट्रान्झिस्टर अजून तसाच होता. हाताने काम करत होतो, पण मनात शेठशी भांडत होतो, आणि त्या भांडणात मला सारखी नवी नवी वाक्यं सुचत होती, ज्यांतलं समोर उभा असताना एकही सुचलं नव्हतं.

आठवडा गेला. शेठनी पत्राला उत्तर पाठवलं, मला न दाखवता. काय लिहिलं ते मला नंतर सूनबाईंकडून कळलं. टीव्हीत दोष आढळला नाही, सबब बदलून देता येत नाही, सद्भावना म्हणून स्टॅबिलायझर देऊ. माझ्या जॉबकार्डाचा उल्लेख नव्हता.

मग बाजाराच्या दिवशी, सकाळी दहा-अकराच्या सुमाराला, दुकानासमोर ट्रॅक्टर येऊन थांबला. ट्रॉलीत केळीच्या पानांच्या थरावर टीव्हीचं खोकं आणि शेजारी काकी. मुलाने आणि आणखी एकाने खोकं उतरवून दुकानाच्या पायरीवर ठेवलं, नेमकं मधोमध. काकी त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. सूनबाई आत आल्या आणि काउंटरवर तीन कागद मांडले. चलन, जॉबकार्ड आणि गॅरंटी कार्ड.

"वहिनी, आत बसा, थंड मागवतो," शेठ म्हणाले.

"थंड नको. टीव्ही द्या."

"अहो, पत्रात लिहिलं ना आम्ही..."

"तुमचं पत्र वाचलं. त्यात दोष नाही असं आहे. आम्ही कुठे म्हटलं दोष आहे? आम्ही म्हटलं, हा तो नाही."

बाजाराची गर्दी होती. दुकानात शिरायचं तर काकींच्या अंगावरून यावं लागत होतं, आणि येणारा प्रत्येकजण थबकून विचारत होता, काय झालं. काकी प्रत्येकाला तेच सांगत होत्या, तितक्याच शांतपणे, जणू रस्ता सांगताहेत. "दखाडं एक, धाडं दुसरं." बस, एवढंच. शेठ माझ्याकडे पाहत होते. मी त्यांना सोडवावं अशी त्यांची इच्छा होती. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम नेहमी मीच करायचो.

मी उठलो. पण त्यांना सोडवायला नाही. आतल्या खोलीतला डेमोचा टीव्ही आणून काउंटरवर ठेवला, त्याची पाठ बाहेरच्या बाजूला करून. मग पायरीवरच्या खोक्यातला टीव्ही काढून त्याच्या शेजारी ठेवला, तसाच. दोन पट्ट्या शेजारी शेजारी. कोणालाही वाचता येत होत्या.

लोक वाकून वाचू लागले. एकाने मोठ्याने वाचलं. शेठ म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे. हा डेमोचाच घेऊन जा. चालू आहे, बघितलेला आहे."

"वापरेल नको," काकी पायरीवरूनच म्हणाल्या. "नवा पैसा दिधा, नवा टीव्ही लेसू."

दुकानात २०१-ई चा एकही सीलबंद नग नव्हता. शेठनी मग सगळ्यांसमोर लेटरहेडवर लिहून दिलं की २०१-ई मॉडेलचा नवा सीलबंद टीव्ही आठ दिवसांत घरपोच देऊ. सूनबाईंनी वाचून कागद परत केला. "मॉडेल लिहिलंत, चांगलं झालं. आता शिक्का मारा." शेठनी शिक्का मारला. जुना टीव्ही दुकानातच राहिला, तो उतरवल्याची पावतीही सूनबाईंनी लिहून घेतली. ट्रॅक्टर रिकामा निघाला. जाताना काकींनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली नाही की काही नाही. पण पाहिलं.

टीव्ही नवव्या दिवशी आला. मी स्वतः घेऊन गेलो, खोकं त्यांच्यासमोर फोडलं, पट्टी वाचून दाखवली आणि मोटरी सुरू होईपर्यंत थांबलो. चित्र काठोकाठ भरलं. काकी थोडा वेळ बघून आत निघून गेल्या. त्यांना टीव्हीत तसा रस नव्हताच, असं मला वाटतं.

माझा राग मात्र तिथे मिटला नाही. चार जुने नग, असं शेठ बोलून गेले होते. काकींचा एक. मग तीन कुठे होते? ती बिलं मी काढून पाहिली. तिन्हींवर मॉडेल लिहिलेलं नव्हतं, आणि तिन्ही घरी डेमो मीच दिली होती. मी शेठना विचारलं, यांचं काय?

"त्यांनी पत्र लिहिलंय का?"

"त्यांना माहीत नाही म्हणून लिहिलं नाही."

"मग?" ते म्हणाले. त्यांना खरोखरच कळलं नाही की मी कशाबद्दल बोलतोय.

त्यानंतर मी दीड महिना गप्प बसलो. हे लिहायला जड जातं, पण तसंच घडलं. रोज दुकान उघडायचो, संध्याकाळी घरी जायचो. बायको एकदा म्हणाली, "इतना जलते हो तो बोल क्यूं नहीं देते?" मी तिच्यावरच ओरडलो. मग एका रविवारी सायकल काढून रनाळ्याला गेलो. त्या तीनपैकी एक टीव्ही तिथल्या घरी होता, संध्याकाळी त्याचं चित्र आक्रसत होतं, आणि त्यांना वाटत होतं टीव्ही असाच असतो. मी पट्टी दाखवली आणि चलन शोधायला लावलं. सापडलं. डब्यात, रेशनकार्डाखाली. पत्र त्यांच्या मुलीने लिहिलं, मी फक्त आकडे सांगितले. पुढच्या रविवारी दुसऱ्या घरी गेलो. त्यांचं चलन हरवलं होतं, तरी पत्र लिहिलं, आणि मी साक्षीला सही केली.

ती दोन्ही पत्रं दुकानात पोहोचली तेव्हा शेठना काही विचारायची गरज पडली नाही. त्यांनी महिन्याचा पगार पाकिटात घालून दिला आणि म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." पुन्हा 'तुम्ही' झालो होतो. रनाळ्याचा टीव्ही बदलून मिळाला. दुसरा मिळाला नाही, चलन नव्हतं म्हणून. मी त्यांच्यासोबत दोनदा दुकानात गेलो, दोन्ही वेळा शेठ आतून बाहेर आलेच नाहीत.

तिसरा टीव्ही नवापूरला होता. एका निवृत्त गार्डसाहेबांच्या घरी. मी नोकरी सुटल्यावर मुद्दाम पॅसेंजरने गेलो. त्यांनी मला ओळखलं, चहा दिला, ऐकून घेतलं. कोपऱ्यात टीव्ही होता आणि खाली एक मोठा स्टॅबिलायझर घरघरत होता.

"हा स्टॅबिलायझर मी घेतला दोन महिन्यांपूर्वी," ते म्हणाले. "आता चित्र छान येतं. आम्ही दोघं रोज बघतो."

"पण साहेब, तुम्हाला दाखवला तो हा नाही. त्याला हे लागलंच नसतं. तुम्ही पत्र लिहा."

त्यांनी कप खाली ठेवला. "मिस्तरी, दोन महिने मी हा टीव्ही मजेत बघितला. आता तुम्ही सांगितलंत, तर उद्यापासून मी टीव्ही बघणार नाही, हा स्टॅबिलायझर बघणार. कशाला आलात?"

मी उठलो. दारापर्यंत सोडायलाही ते आले नाहीत. परतीच्या गाडीत मी त्यांच्यावरही चिडलो, शेठवरही, आणि सगळ्यांत जास्त त्या दीड महिन्यावर, कारण मी वेळेवर गेलो असतो तर तो स्टॅबिलायझर त्यांनी घेतलाच नसता.

पुढे मी मंगळबाजाराच्या वाटेवर एक खोली भाड्याने घेऊन दुरुस्तीचं टेबल टाकलं. टीव्ही विकायचे नाहीत, फक्त दुरुस्त करायचे, असं ठरवलं. पहिल्याच आठवड्यात काकींचा मुलगा ट्रॅक्टरवरून उतरून आला, हातात एक बंद पडलेला ट्रान्झिस्टर घेऊन. आत सेल गळून सगळं गंजलं होतं. मी म्हटलं, होईल, दोन दिवस लागतील. त्याने पावती मागितली. मी ट्रान्झिस्टर उलटा केला आणि आधी त्याचं मॉडेल लिहून घेतलं.